साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत

नोटीस हातात पडली ती ३१ डिसेंबर २०२४ रोजी, मंगळवारी. सांगलीजवळ मसाले आणि लोणची करणाऱ्या एका ताईंनी आपल्या मालाच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला होता आणि कुणा मोठ्या मसालेवाल्याने त्याला विरोध केला होता. सोळा पानं इंग्रजी. वकील पुण्यात, ताई सांगलीत, आणि मधे मी, म्हणजे भाषांतरकार. "मला शब्दन् शब्द कळायला हवा, सही मला करायचीय," असं त्या म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे.

आधीच सांगते, ही फाइल मी लेखासाठी बेतली आहे. कुणाचंही खरं प्रकरण उघड करता येत नाही, म्हणून ताई, त्यांची 'झणका' ही खूण आणि विरोधकाची 'झणकार' ही खूण तिन्ही काल्पनिक आहेत. कायदा, मुदती आणि मालाचे वर्ग मात्र खरे आहेत. भाषांतरात होणाऱ्या चुकाही खऱ्या आहेत, आणि अशा चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत.

पहिला घोळ होतो तो 'हरकत' या शब्दाने. मराठीत हरकत हा सोयीचा शब्द आहे. जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर नोटिशीत हरकती मागवतात, तसंच हे, असं कुणालाही वाटतं. पण ट्रेडमार्कच्या वाटेवर दोन वेगळी दारं आहेत. अर्ज केल्यावर आधी रजिस्ट्रीचा अधिकारी तो तपासतो आणि त्याला काही खटकलं तर परीक्षण अहवाल पाठवतो. त्याला उत्तर द्यायला, अहवाल मिळाल्यापासून एक महिना असतो. तिथून अर्ज सुटला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि मग कुणीही बाहेरची व्यक्ती त्याला विरोध करू शकते. या विरोधाला उत्तर द्यायला दोन महिने असतात. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर या दोन अवस्थांना दोन वेगळे इंग्रजी शब्द आहेत, आणि घाईत दोन्हींचं मराठी 'हरकत' असंच होतं. मग ताई म्हणतात, "हरकतीला तर आपण मागेच उत्तर दिलं होतं की!" आणि नोटीस फाइलीत जाऊन बसते. म्हणून मी अधिकाऱ्याच्या शंकेला 'आक्षेप' म्हणते, बाहेरच्याच्या नोटिशीला 'विरोध' म्हणते, आणि सोळा पानांत 'हरकत' हा शब्द एकदाही वापरत नाही.

आता मुदत.

ट्रेडमार्क कायदा १९९९ सालचा. त्याच्या कलम २१ मध्ये दोन मुदती आहेत. अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत विरोधकाने नोटीस द्यायची. तिची प्रत अर्जदाराला मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अर्जदाराने प्रतिनिवेदन, म्हणजे आपली कैफियत, दाखल करायची. ती केली नाही तर अर्ज त्याने सोडून दिला असं मानलं जातं. इथे 'मानलं जातं' हे शब्द फार जड आहेत. अर्जदाराच्या मनात काय होतं, त्याने खरोखर अर्ज सोडला का, हे कुणी विचारत नाही. एका भाषांतरात मी 'अर्ज सोडल्याचे समजण्यात येऊ शकेल' असं वाचलं आहे. त्या 'शकेल'ने वाचणाऱ्याला उगाच आशा लावली. मूळ वाक्यात शक्यतेला जागाच नाही.

ही दोन महिन्यांची मुदत वाढवूनही मिळत नाही. रजिस्ट्रारला मुदत वाढवून देण्याचा अधिकार कलम १३१ देतं, पण कायद्यातच स्पष्ट सांगितलेल्या मुदतीला तो लागू नाही, आणि ही मुदत खुद्द कायद्यातच लिहिलेली आहे. म्हणून भाषांतरात ती 'सुमारे', 'साधारण' किंवा 'साठ दिवस' अशी कधीच यायला नको.

साठ दिवस का नको, ते ताईंच्या तारखांवर मोजून पाहू. आपल्याकडे कायद्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, असं १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो, आणि अमुक तारखेपासून म्हटलं की ती तारीख सोडून मोजणी सुरू होते. ताईंना नोटीस मिळाली ३१ डिसेंबरला. दोन महिने म्हणजे फेब्रुवारीतली तीच तारीख. ३१ फेब्रुवारी नसते, म्हणून महिन्याचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. आता साठ दिवस मोजा. जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, झाले एकोणसाठ. साठावा दिवस १ मार्च. म्हणजे भाषांतरकाराने सोपं करून सांगावं म्हणून 'साठ दिवस' लिहिलं आणि ताईंनी त्यावर भरवसा ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरात १ मार्चला गोल केला, तर त्या एका दिवसाने त्यांचा अर्ज बुडाला. नावावर केलेला दहा वर्षांचा खर्च एका गोलापायी अडचणीत आला.

चार महिन्यांचंही तसंच आहे, फक्त तिथे तोटा दुसऱ्या बाजूला होतो. ताईंचा अर्ज २२ जुलै २०२४ च्या, सोमवारच्या जर्नलमध्ये आला असं धरू. विरोधाची शेवटची तारीख २२ नोव्हेंबर. कुणी एकशेवीस दिवस मोजले तर १९ नोव्हेंबर येते, तीन दिवस आधी. आपल्या विरोधकाने नोटीस दाखल केली २१ नोव्हेंबरला. दिवसांत मोजणारा भाषांतरकार इथे टीप टाकेल की नोटीस उशिरा आली. ताई तोच मुद्दा धरून बसतील, आणि तो मुद्दा खोटा ठरेल.

म्हणून माझा नियम साधा आहे. मुळात महिने असतील तर महिने, दिवस असतील तर दिवस. हिशेब करून तारीख द्यायची असेल तर ती भाषांतराच्या मजकुरात घालायची नाही. ती वेगळ्या कागदावर, 'भाषांतरकाराची टीप' असं लिहून, वकिलांनी तपासावी म्हणून द्यायची.

'मिळाल्यापासून' या शब्दाचीही एक गोष्ट आहे. कलमात प्रत 'मिळाल्यापासून' असं आहे. पण २०१७ च्या नियमांतला नियम १८ म्हणतो की रजिस्ट्रीने ईमेल पाठवला, की पाठवण्याच्या क्षणीच तो पोचला असं मानायचं. समजा हा ईमेल २७ डिसेंबरला आला होता, पण अर्जात पत्ता होता तो ज्या पोराने अर्ज भरून दिला त्याचा, आणि ताईंच्या हातात छापील प्रत ३१ तारखेला आली. मुदत २७ फेब्रुवारीला संपते की २८ ला? मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कलमातल्या 'मिळाल्यापासून' या शब्दाला वजन दिलं, नुसतं पाठवणं पुरेसं धरलं नाही. तरीही शहाणा वकील २७ ची तारीखच धरेल. मी काय करावं? मुळात 'प्राप्ती' असेल तिथे 'मिळाल्याची तारीख', 'पाठवणी' असेल तिथे 'पाठवल्याची तारीख', 'बजावणी' असेल तिथे 'बजावल्याची तारीख'. तिन्हींना 'नोटिशीची तारीख' म्हटलं की वाद ज्यावर उभा राहील तो पायाच मी काढून घेतला असं होतं.

तारखांच्या ओघातच आणखी दोन शब्द. नोटिशीत 'ॲडव्हर्टाइज्ड' असं वाचून 'जाहिरात दिली' असं लिहू नये. इथे त्याचा अर्थ जर्नलमध्ये प्रसिद्धी. नाहीतर ताई म्हणतात, मी तर पेपरात कधी जाहिरात दिलीच नाही. दुसरा शब्द 'यूझर'. ट्रेडमार्कच्या कागदांत 'यूझर सिन्स' म्हणजे अमुक तारखेपासूनचा वापर. त्याचं 'वापरकर्ता' केलं की वाक्य वाचता येतं, पण अर्थ पार हरवतो. आणि या वापराच्या तारखेवर अख्खा खटला फिरू शकतो. त्याकडे मी पुढे येते.

आता माल. जगभर चालणाऱ्या नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. वर्गाच्या आकड्यात चूक सहसा होत नाही, तीस म्हणजे तीस. चूक होते ती मालाच्या यादीत, कारण मराठीतला एकच शब्द चार वर्गांत राहतो. तेल घ्या. खायचं तेल वर्ग २९ मध्ये, केसांचं वर्ग ३ मध्ये, यंत्राला घालायचं वर्ग ४ मध्ये, औषधी तेल वर्ग ५ मध्ये. इंग्रजी यादीत प्रत्येकाच्या अलीकडे पलीकडे एखादा शब्द असतो, तो गाळला की उरतं नुसतं 'तेल'. मिरचीचं तसंच. ताजी हिरवी मिरची वर्ग ३१ मध्ये, तिचीच पूड वर्ग ३० मध्ये, आणि मिरचीचं लोणचं वर्ग २९ मध्ये. एकाच झाडाचं एकच फळ, पण घरं तीन.

ताईंचा अर्ज दोन वर्गांत आहे. वर्ग २९ मध्ये लोणची, वर्ग ३० मध्ये मसाले, मिरचीपूड आणि चटणी. या चटणीने मला एकदा फार विचार करायला लावलं. सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल कोरडा मसाला, जो आमटीत पडतो. पुण्या-मुंबईत चटणी ताटात डाव्या बाजूला वाढतात. आणि इंग्रजी 'चटनी' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओली, बाटलीतली वस्तू येते. वर्ग तिन्हींचा तीसच, म्हणून आकडा चुकत नाही. पण विरोधकाच्या नोंदणीत 'सॉस' आहेत. ताईंची चटणी ओली समजली गेली तर ती सॉसच्या शेजारी जाऊन बसते, कोरडी समजली तर मसाल्यांच्या. तुलना कुणाशी होणार ते यावर ठरतं. अशा वेळी मी 'चटणी' तशीच ठेवते आणि टिपेत लिहिते की अर्जदाराच्या गावाकडे हा शब्द कोरड्या तिखट मसाल्यासाठी वापरतात.

वर्ग २९ च्या शीर्षकात एक तुकडा आहे, ज्याचा अर्थ होतो टिकवलेली, गोठवलेली, वाळवलेली आणि शिजवलेली फळं व भाज्या. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही, म्हणून ती चारही विशेषणं फळांनाही लागतात आणि भाज्यांनाही. मराठीत विशेषण शेजारच्या नामाचं लिंग घेतं. 'वाळवलेली फळे व भाज्या' असं लिहिलं तर काटेकोर वाचणारा म्हणेल, वाळवलेली ती फळं, कारण भाज्या असत्या तर 'वाळवलेल्या' झालं असतं. म्हणजे भाज्या ताज्या ठरल्या, आणि ताज्या भाज्या तर वर्ग ३१ च्या! आपलं व्याकरणच यादीला दुसऱ्या वर्गात ढकलतं. उपाय सुंदर नाही, पण पक्का आहे. 'वाळवलेली फळे; वाळवलेल्या भाज्या; गोठवलेली फळे; गोठवलेल्या भाज्या' असं पुन्हा पुन्हा लिहायचं. वाक्य लांबतं, कानाला खडबडीत लागतं. लागू दे.

तसेच स्वल्पविराम आणि अर्धविराम. यादीत अर्धविरामाने एक वस्तू संपते, स्वल्पविरामाने त्याच वस्तूचा पुढचा भाग येतो. आपल्याकडे अर्धविराम लिहिण्यातून जवळपास गेला आहे, आणि टंकलेखक सगळीकडे स्वल्पविराम मारून मोकळा होतो. समजा विरोधकाच्या नोंदणीत असं आहे: 'मसाले, मीठ वगळून; सॉस; पीठ'. मीठ फक्त मसाल्यांतून वगळलं आहे. अर्धविराम गेले की 'मसाले, मीठ वगळून, सॉस, पीठ' होतं आणि मीठ कुणातून वगळलं ते कळत नाही.

याच यादीत दोन छोटे इंग्रजी शब्द येतात. एकाचा अर्थ 'यांसह', दुसऱ्याचा 'म्हणजेच'. 'मसाले, मिरचीपुडीसह' म्हटलं तर सगळे मसाले आले आणि मिरचीपूड त्यातली एक. 'मसाले, म्हणजेच मिरचीपूड' म्हटलं तर फक्त मिरचीपूड, हळद नाही, धणेपूड नाही. मी दोन्ही ठिकाणी 'जसे की' वापरलेलं पाहिलं आहे. त्यामुळे विरोधकाचा हक्क एकदा उगाच मोठा होतो आणि एकदा ज्याला मर्यादा होती ती नाहीशी होते.

या सगळ्यात वर्ग म्हणजे सर्वस्व नाही, हेही ताईंना सांगावं लागतं. वर्ग एक म्हणून माल सारखा, असं नसतं. बेंगळुरूचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये निकाली निघालं. कर्नाटकातल्या दूध उत्पादकांच्या सहकारी महासंघाचा 'नंदिनी' हा दुधाचा ब्रँड, १९८५ पासूनचा. एका उपाहारगृह चालवणाऱ्यांनी १९८९ पासून जवळपास तेच नाव वापरलेलं, आणि वर्ग २९ व ३० मध्येही नोंदणी मागितलेली. महासंघाने विरोध केला. न्यायालयाने सांगितलं की एकाच वर्गात माल असला म्हणून एवढ्यावरून तो सारखा ठरत नाही, आणि उपाहारगृहवाल्यांची नोंदणी राखली, त्यांनी हक्क सोडलेले दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. भाषांतरकाराने या निकालातून घ्यावं असं आणखी एक आहे. रोमन लिपीत त्या दोन नावांत एका 'एच' अक्षराचा फरक आहे. देवनागरीत दोन्ही 'नंदिनी'. म्हणजे नुसतं लिपी बदलून मी वादातला फरकच पुसू शकते. म्हणून खूण कधी भाषांतरित करायची नाही आणि तिची लिपीही परस्पर बदलायची नाही. मूळ कागदावर जशी छापली आहे तसंच चित्र चिकटवायचं, आणि उच्चार बाजूला द्यायचा. आमच्या 'झणका'चा उच्चार रोमन अक्षरांतून कुणी 'झांका' केला तर 'झणकार'शी तुलना कशाची व्हायची?

आणखी एक गंमतीचं नव्हे, गंभीर. विरोधकाने अर्जावर लिहिलं आहे की विरोध वर्ग ३० ला. शुल्कही एकाच वर्गाचं भरलं आहे, ऑनलाइन दर वर्गाला २७०० रुपये असतात. पण नोटिशीच्या सातव्या परिच्छेदात म्हटलं आहे की 'अर्जातील सर्व माल'. सर्व मालात तर वर्ग २९ ची लोणचीही आली. भाषांतरकाराला वाटतं, हा विसंगत भाग आहे, सरळ करून टाकू. मुळीच नाही. ती विसंगती जशीच्या तशी मराठीत उतरली पाहिजे, कारण ताईंचे वकील तिच्यावरच बोट ठेवणार आहेत. लोणच्यांचा वर्ग वेगळा काढून अर्जाची विभागणी मागायची का, याचा विचारही तिथूनच सुरू होतो.

आता विरोधाची कारणं. ताईंनी वाचताना मला एकच विचारलं: "म्हणजे मी फसवलं असं म्हणतायत का ते?" इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा कोशातला अर्थ फसवं साम्य. पण कायद्यात त्याची व्याख्या अशी आहे की दोन खुणा इतक्या जवळच्या असाव्यात की त्यामुळे लोकांची फसगत होण्याची किंवा त्यांचा गोंधळ उडण्याची शक्यता असावी. कुणाचा हेतू काय, हा प्रश्न त्यात नाही. म्हणून मी 'फसगत होण्याइतपत साम्य' लिहिते, 'फसवणूक' लिहीत नाही. हेतूचा आरोप वेगळा असतो, तो अप्रामाणिकपणाने अर्ज केल्याचा, आणि तो नोटिशीत असेल तरच तिथे 'अप्रामाणिक हेतू' यायला हवा. ताईंना दोन्हींतला फरक समजला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. रागाने लिहिलेली कैफियत क्वचितच चांगली असते.

सगळ्यात जास्त नुकसान 'सारखा' या शब्दाने होतं. दोन जुळ्या बहिणी सारख्या, आणि मामाचं नाक भाच्याच्या नाकासारखं, दोन्ही आपण तेच म्हणतो. कायद्यात मात्र 'अगदी तोच' आणि 'मिळताजुळता' यांच्यात अंतर आहे. कलम ११ च्या पहिल्या पोटकलमात दोन फाटे आहेत. खूण अगदी तीच आणि माल मिळताजुळता, हा एक. खूण मिळतीजुळती आणि माल तोच किंवा मिळताजुळता, हा दुसरा. दोन्हींमध्ये 'सारखा' घातलं तर दोन फाट्यांचा एक रस्ता होतो. विरोधकाने दुसरा फाटा धरला आहे, कारण 'झणका' आणि 'झणकार' या अगदी एक नाहीत. मग कैफियतीतही मिळतेजुळतेपणाला उत्तर द्यायला हवं. "आमची खूण त्यांची नाही" एवढंच म्हणून भागत नाही.

त्याच कलमाचं दुसरं पोटकलम नामांकित खुणांबद्दल आहे, आणि ते अगदी वेगळ्या मालालाही लागू होतं. पहिल्यापुढे "माझा माल वेगळा आहे" हे उत्तर चालतं, दुसऱ्यापुढे चालत नाही. म्हणून कलमाचा, पोटकलमाचा आणि खंडाचा आकडा मराठीत तोच, त्याच जागी, त्याच कंसात. 'कलम ११ नुसार' असं मोघम लिहिणं म्हणजे कोणत्या दारातून हल्ला आला तेच न सांगणं.

आणखी एक कारण नोटिशीत आहे. कलम ९(१)(ब) खाली, 'झणका' म्हणजे झणझणीतपणाचंच वर्णन, असा त्यांचा दावा. या खंडात एक लहान शब्द आहे, 'केवळ'. ज्या खुणेत मालाचा प्रकार, गुण वगैरे दाखवणाऱ्या गोष्टी केवळ असतात, ती नाकारता येते. 'केवळ' गाळलं तर नावात चवीचा नुसता वास आला तरी नाव बाद, असं वाचता येतं. ताई तेवढ्यावर हार मानतील. तो एक शब्द राहिला तर त्यांना विचारता येतं: झणका हा कोणत्या मसाल्याचा गुण, आणि तो बाजारात कोण वापरतं?

परिच्छेदांचे आकडेही असेच सांभाळायचे. कैफियतीच्या शेवटी ताईंना सत्यापन करायचं आहे. अमुक क्रमांकाचे परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीने खरे, अमुक मिळालेल्या माहितीवरून खरे मानते, असं क्रमांकांनिशी. मी वाचायला बरं म्हणून दोन परिच्छेद एक केले तर त्यांनी दिलेलं उत्तर चुकीच्या परिच्छेदाला जाऊन लागेल. आणि 'नाकबूल' वेगळं, 'माहिती नाही' वेगळं, 'पुराव्याने सिद्ध करावं' वेगळं. कोर्टाच्या मराठीत हे तिन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या पक्के आहेत, नवे घडवायची गरज नाही.

कैफियत दाखल झाली की पुरावे सुरू होतात, आणि तेव्हा भाषांतराची दिशा उलटते. आता मराठी कागद इंग्रजीत जायचे आहेत. नोटिशीत, कैफियतीत किंवा प्रतिज्ञापत्रात उल्लेखलेला कागद हिंदी किंवा इंग्रजी नसेल तर त्याचं साक्षांकित भाषांतर द्यावं लागतं, असं नियम ४९ सांगतो. ताईंकडे वापराचा पुरावा म्हणून गावातल्या किराणा दुकानांची बिलं आहेत. त्यांवर 'तिखट ५ कि.' असं लिहिलं आहे. तिखट ही इथे चव नाही, वस्तू आहे, मिरचीपूड. याचं भाषांतर 'झोंबणारं, पाच किलो' असं झालं तर ते बिल कशाचंच राहत नाही.

आणि त्यांच्याकडे एक पत्रिका आहे, दुकानाच्या उद्घाटनाची. वर 'झणका मसाले' असं ठळक छापलेलं, खाली 'चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९३७, गुढीपाडवा'. वापराची तारीख इथून सिद्ध करायची. तो गुढीपाडवा होता २१ मार्च २०१५ रोजी. पण सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेतही शके १९३७ आहे आणि तिथला चैत्र १ येतो २२ मार्च २०१५ रोजी. दोन्हींमध्ये शक तोच, महिना तोच, आकडा एकच, तरी तारीख एका दिवसाने वेगळी. पत्रिकेवर 'शुद्ध प्रतिपदा' आहे म्हणजे तिथी पंचांगाची, सरकारी दिनदर्शिकेची नव्हे. ताईंनी अर्जात वापर २१ मार्च २०१५ पासून लिहिला आहे. मी भाषांतरात २२ लिहिलं असतं तर त्यांचाच कागद त्यांच्याच अर्जाशी भांडला असता, आणि विरोधकाच्या वकिलाने तेवढंच उचललं असतं.

म्हणून पत्रिकेच्या भाषांतरात मी तिथी आधी लिहिली, जशी छापली आहे तशी, अक्षरांतरासह. तिच्याखाली चौकोनी कंसात इंग्रजी तारीख, आणि ती कोणत्या पंचांगाने काढली ते एका ओळीत. शेवटी माझं प्रमाणपत्र, सही आणि दिनांक. २७ फेब्रुवारीला अजून नऊ दिवस बाकी होते तेव्हा ताई आल्या, चष्मा लावून पत्रिकेशेजारी भाषांतर ठेवलं, आणि मराठीतला आणि इंग्रजीतला 'झणका' बोटाने एकामागोमाग एक जुळवून पाहिला. मग म्हणाल्या, "पाडव्याला मी पहिलं पाकीट फोडलं होतं, तेच आहे ना हे?" मी म्हटलं, हो ताई, तेच.